गावाकडून देवपूजेच्या भांड्यांचा फोटो आला तर

परभणी, नांदेड, लातूर, बीडकडून इकडे नव्याने आलेल्यांचं घर लागलं की महिन्याभरात बहुतेक हाच फोन येतो. श्रावण किंवा महालक्ष्म्या जवळ आलेल्या असतात. आईने देवघरातली तांब्या-पितळेची भांडी सतरंजीवर मांडून फोटो पाठवलेला असतो आणि खाली लिहिलेलं असतं, "यातलं काय काय पाठवू सांग." आपण रोज बघत आलो, पण हाताळलं आजीने किंवा काकांनी. त्यामुळे नाव एकाचं आणि बोट दुसऱ्याकडे, असं होतं.

मागच्या वर्षी सेलूकडच्या एका जोडप्याचा असाच फोटो आला होता. आईंचा निरोप होता, "पळी-पंचपात्र ठेवते." सूनबाईंनी फोटोतल्या पाच वाट्यांच्या पितळी भांड्यावर खूण करून कळवलं, "हेच ना?" ते पंचपाळं. त्यात हळद, कुंकू, गुलाल, बुक्का आणि अक्षता राहतात, पाण्याशी त्याचा संबंध नाही. पंचपात्र त्याच फोटोत होतं, पण वरून काढलेल्या फोटोत त्याचं नुसतं गोल तोंड दिसत होतं आणि ते वाटीसारखं वाटत होतं. म्हणून पहिली गोष्ट सांगते: फोटो बाजूने काढायला सांगा आणि शेजारी एखादं नाणं ठेवायला सांगा. उंची आणि माप कळलं की अर्धा घोळ मिटतो.

बाजूने पाहिलं की पंचपात्र ओळखू येतं. ते सरळ उभ्या पेल्यासारखं असतं, बहुधा तांब्याचं, काठ जरासा बाहेर वळलेला, मान मात्र नसते. मान आवळलेली आणि पोट फुगीर असेल तर तो तांब्या किंवा गडवा. पंचपात्रात उभी राहते ती पळी, तिलाच आचमनी म्हणतात. लांब दांडा, खाली छोटी खोलगट वाटी आणि दांड्याच्या टोकाला बऱ्याचदा नागाचा फणा. तिसरं भांडं म्हणजे ताम्हण: उथळ, पसरट, काठ बाहेर झुकलेला. ही तिन्ही एकत्र लागतात. पाणी पंचपात्रात राहतं, पळीने उचललं जातं आणि ताम्हणात पडतं. एवढं ध्यानात राहिलं तर नाव विसरलं तरी भांडं चुकत नाही.

आता वापर. तांब्यातलं स्वच्छ पाणी पंचपात्रात घ्या आणि ताम्हण समोर ठेवा. डाव्या हाताने पळीने पाणी उचलून उजव्या तळहातावर घ्यायचं. बोटं किंचित आत वळवून तळहाताला खोलगटपणा द्यायचा, म्हणजे पाणी ओघळत नाही. पाणी किती? उडदाचा दाणा बुडेल इतकंच. पूर्ण पळी ओतली की मनगटावरून कोपरापर्यंत जातं, नवख्यांचं हमखास तसं होतं. "केशवाय नमः", "नारायणाय नमः", "माधवाय नमः" या तीन नावांना एकेक घोट घ्यायचा, तोही आवाज न करता, अंगठ्याच्या मुळाकडून. त्या जागेला ब्रह्मतीर्थ म्हणतात. चौथ्या "गोविंदाय नमः"ला पाणी प्यायचं नाही, हातावरून ताम्हणात सोडायचं. पुढची नावं, चोविसाव्या श्रीकृष्णापर्यंत, हात जोडून म्हणतात.

इथे एक गोष्ट नीट सांभाळा. आचमनाचं हे पाणी पडलेल्या ताम्हणातच देवांना स्नान घालू नका. देवांच्या स्नानाचं पाणी तीर्थ म्हणून आपण पळीनेच हातावर घेतो. ते आणि हात धुतलेलं पाणी एक होता कामा नये. दोन ताम्हणं असतील तर मोठं स्नानाला ठेवा. एकच असेल तर ते आधी झाडाच्या कुंडीत रिकामं करून विसळून घ्या. प्रसादाचं पंचामृत मात्र चांदीच्या किंवा स्टीलच्या वाटीत कालवा. दही आंबट असतं, तांब्यात राहिलं की तांबं त्यात उतरतं आणि चव कळकते.

सेलूच्या त्या फोटोत दोन शंख होते आणि आईंनी "शंख" एवढंच लिहिलं होतं. शंखाचं टोक बघायचं. टोक कापून भोक पाडलेलं असेल तर तो वाजवायचा शंख. टोक अखंड असेल तर तो पूजेचा. पूजेच्या शंखात पाणी भरून ठेवतात. वाजवायच्या शंखात ते धरून राहणार नाही, म्हणून त्यावर पूजेचं काम भागत नाही. शंखाशेजारी तळहाताएवढी तीन पायांची बैठक होती, ती अडणी. ती विसरू नका, तिच्याशिवाय शंख लवंडतो. त्याच फोटोतली दुसरी उंच तिवई वेगळी. तिच्यावर बुडाला बारीक छिद्र असलेलं अभिषेकपात्र बसतं.

पूजेच्या सुरुवातीला शंख पाण्याने भरून त्याला गंध, फूल, तुळस वाहतात. अक्षता वाहत नाहीत. त्यातलं थोडं पाणी पूजेच्या साहित्यावर आणि स्वतःवर शिंपडायचं, पूजा झाली की शंख रिकामा करून पुसून ठेवायचा. आपल्याकडे परळी-औंढ्याच्या ओढीने पुष्कळ देवघरांत बाण किंवा पिंडी असते. शंखाचं पाणी महादेवावर घालत नाहीत. तिथे पळीने किंवा अभिषेकपात्राने धार धरा.

घंटा ओळखायला कोणालाच अडचण नाही, फक्त दांड्यावर कोण आहे ते बघा. पंख आणि जोडलेले हात दिसले तर गरुड, बसलेला बैल असेल तर नंदी. घरात जी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली तीच मागवा. सुरुवातीच्या घंटापूजेत तिला गंध, अक्षता, फूल, हळदकुंकू सगळं चालतं. मग धूप, दीप आणि आरतीच्या वेळी ती डाव्या हातात, कारण उजव्या हातात निरांजन किंवा धूपारती असते. दांडा धरा, अंगाला बोट लागलं की नाद तिथल्या तिथे बसतो.

ही भांडी इथे आल्यावर चिंच-मीठ किंवा लिंबाने घासाल, ते तांब्या-पितळेला बरोबर आहे. लगेच खळखळून धुऊन कोरडी पुसा, नाहीतर हिरवट डाग धरतात. डिशवॉशरमध्ये घालू नका, काळी पडतात. शंखाला मात्र चिंच-लिंबू लावायचंच नाही. तो चुन्याच्याच जातीचा, आंबटाने त्याचा वरचा थर विरतो आणि गेलेली झळाळी परत येत नाही. साधं पाणी आणि मऊ फडकं पुरतं. सेलूहून सामान निघताना आईंना एवढंच कळवलं होतं: अखंड टोकाचा शंख अडणीसकट, टोकाला जास्त कापड गुंडाळून, आणि पळी पंचपात्रात न ठेवता वेगळी, म्हणजे दांडा वाकणार नाही.