आठवणींच्या प्रकरणातला काळ एकसारखा करताना

महिनोन्‌महिने लिहिलेल्या प्रकरणात एक परिच्छेद ‘आजोबा दार उघडतात’ असा असतो, तर पुढचा ‘मी लपलो’ असा. दुरुस्तीआधी छापील प्रतीवर फक्त क्रियापदं अधोरेखित करा, भूतकाळ निळ्याने, वर्तमानकाळ लाल शाईने. मग ठरवा: घडलेलं सगळं भूतकाळात, आणि वर्तमानकाळ फक्त आज लिहिणाऱ्या ‘मी’साठी. ‘आम्ही रोज जायचो’सारखी सवयीची रूपं मात्र राहू द्या, ती चूक नव्हे.

नुसतं क्रियापद बदलून भागत नाही. ‘आजोबा दार उघडतात’चं ‘आजोबांनी दार उघडलं’ होतं, म्हणजे कर्त्याला ‘नी’ लागतो आणि क्रियापद दाराप्रमाणे चालतं. त्यामुळे वाक्य अख्खं पुन्हा लिहा.

दृष्टिकोनाची गफलत शाईने सापडत नाही. (मला तरी तीच जास्त छळते.) ‘मी दारामागे लपलो. आजोबांना तेव्हा कर्ज फेडायचं होतं.’ आठ वर्षांच्या मुलाला हे कुठून कळणार? प्रत्येक माहितीपाशी ‘मला हे केव्हा कळलं?’ असं विचारा. उत्तर ‘नंतर’ असेल तर तसं लिहा: ‘त्यांच्यावर कर्ज होतं, हे मला मोठेपणी कळलं.’