चिल्लर, शिवी आणि रिपोर्ट: एसटीत नव्याने लागलेल्या वाहकांसाठी

गणेशपेठहून वर्ध्याची गाडी सुटली की पहिली भांडणं बहुतेक चिल्लरवरून होतात. शिवी सहन होते. नोकरीला घोर लावतात ते भांडणानंतर बॅगेत राहिलेले पैसे, आणि हे नव्या माणसाला कोणी धड सांगत नाही.

समजा, तिकीट ८५ रुपयांचं आहे. प्रवाशाने २०० दिले, तुम्ही १०० परत केले आणि बाकी १५ तिकिटामागे लिहून दिले. असे तीन प्रवासी झाले की बॅगेत ४५ रुपये जास्त. बुटीबोरीला तपासणी पथक चढलं तर ते मशीनवरची विक्री बघतं, त्यात वेबिलवर नोंदवलेली तुमची खासगी रोकड मिळवतं आणि मग बॅग मोजतं. मोजून झाल्यावर "ते चिल्लरचे आहेत साहेब" म्हटलं तर ती सबब ठरते. तिकिटामागची नोंद प्रवाशाच्या खिशात असते, तुमच्या हातात काहीच नसतं. म्हणून तिकीट क्रमांक, बाकी रक्कम आणि उतरायचा थांबा लगेच आपल्याकडेही लिहा. पथक चढताच, मोजणीआधी, तो कागद पुढे करा. पैसे परत दिले की ओळ खोडा. घरून दहा-वीसच्या नोटा आणणार असाल तर ती रक्कम ड्युटी सुरू होतानाच वेबिलवर चढवा. "पाच-दहा रुपयांनी काय होते" म्हणणाऱ्या सीनियरचं ऐकू नका. केस त्याच्यावर होत नाही.

भांडण कितीही पेटलं तरी आधी तिकीट काढा, मग बोला. वाद घालण्यात तिकीट राहिलं आणि तपासणी झाली तर जाब तुम्हालाच द्यावा लागतो.

कोणी कॉलर धरली तर उलट हात उचलू नका. चालकाला गाडी बाजूला घ्यायला सांगा, ११२ ला फोन करा किंवा गाडी थेट जवळच्या ठाण्यात न्या. १९५० च्या रस्ता वाहतूक महामंडळ कायद्याच्या कलम ४३ नुसार ड्युटीवरचा वाहक-चालक लोकसेवक असतो, त्यामुळे ड्युटी करताना झालेल्या मारहाणीला भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ लागू शकतं. नुसत्या शिवीला ते लागत नाही, त्यासाठी ठाण्यात अडून बसू नका. हद्द दुसरीकडची आहे म्हणून परत पाठवलं तर झिरो एफआयआर मागा. दोन प्रवाशांचे नंबर घ्या. घाबरू नका, मागितले तर लोक देतात.

आगारात आल्यावर पहिला प्रश्न येतो, "गाडी लेट का?" तोंडी उत्तर देऊन घरी जाऊ नका. वेळ, ठिकाण, तिकीट क्रमांक, ठाण्याचं नाव एवढं अर्ध्या पानात लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. साहेब रागावले तरी शिक्का मिळेपर्यंत तिथून हलू नका. दमून आल्यावर लगेच दुसरी ड्युटी तोंडी सांगितली तर तीही याच पानावर, सुटल्याच्या वेळेसकट, लिहा.