मॅनेजर होऊन बघा, पण सहा महिन्यांची बोली करून

मी बारा वर्षं यंत्राच्या भागांवर येणाऱ्या ताणाचं विश्लेषण करत होते. मग टीम सांभाळशील का, असं विचारलं गेलं आणि मी बढती समजून लगेच हो म्हटलं. प्रत्यक्षात तो पेशाबदल होता. तुमच्यावर ही वेळ आली तर घाई करू नका.

आधी चार गोष्टी विचारा आणि उत्तरं मेलवर घ्या. हाताखाली किती माणसं असतील? पहिल्या खेपेला चार ते सहा झेपतात, दहा नाही. त्यांचं अप्रेझल कोण करणार? ते दुसऱ्याकडे राहणार असेल, तर तुमच्या वाट्याला नुसता पाठपुरावा येईल आणि त्यावरून मॅनेजरकी जमते का ते कळणार नाही. तुमचं सध्याचं तांत्रिक काम कोण घेणार? आणि सहा महिन्यांनी जमलं नाही, तर त्याच पगारावर परत इंजिनिअर होता येईल का? हा शेवटचा प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही, पण विचाराच. परतीची वाट बंद असली की माणूस न आवडलेलं कामही आवडतंय असं स्वतःला पटवत राहतो.

पहिल्या महिन्यात हातातली अशी सगळी कामं सोपवून टाका, जी अडली की दुसऱ्याचं काम खोळंबतं. तुमचा दिवस आता मीटिंगांनी तुकड्यातुकड्यांत जाणार, त्यामुळे ती कामं हमखास रखडतात आणि टीम तुमची वाट बघत बसते. हात चालू ठेवायचाच असेल तर उशीर झाला तरी कोणाचं बिघडणार नाही असं एखादं छोटं काम ठेवा.

दर आठवड्याला प्रत्येकाशी अर्धा तास एकट्याने बोला. सुरुवातीच्या तीन-चार भेटींत लोक फक्त कामाचा हिशेब देतात; मोकळं बोलणं त्यानंतर सुरू होतं. तोवर एकही भेट रद्द करू नका.

खरी परीक्षा टीमच्या कामाचा रिव्ह्यू करताना होते. माझ्या टीममधल्या एका मुलीने एका ब्रॅकेटचा रिपोर्ट आणला. आतल्या काटकोनी कोपऱ्यात ताण मर्यादेपलीकडे दिसत होता आणि तिने धातूची जाडी वाढवायचं सुचवलं होतं. चूक मला तिथल्या तिथे दिसली. मॉडेलमध्ये कोपरा अगदी धारदार ठेवला की तिथला आकडा खरा नसतो. मेश म्हणजे गणितासाठी मॉडेलचे छोटे तुकडे पाडणारी जाळी; ती जितकी बारीक करावी तितका तो आकडा चढतच जातो, कुठे थांबत नाही. प्रत्यक्ष भागाला तिथे गोलाई होती, ती मॉडेलमध्ये घेतली नव्हती. मी स्वतः बसले असते तर वीस मिनिटांत दुरुस्त झालं असतं, हात शिवशिवत होते. पण डेडलाइनला चार दिवस होते, म्हणून एवढंच म्हटलं, “मेश निम्म्या मापाची करून बघ, आकडा कुठे जातो ते मला सांग.” तिला दोन दिवस लागले. आली ती म्हणाली, “तो थांबतच नाहीये, कोपऱ्याला गोलाई द्यायला हवी.” पुढच्या महिन्यात हीच चूक तिने दुसऱ्याच्या रिपोर्टमध्ये पकडली. डेडलाइन उद्यावर असती तर मी उत्तर सांगून मोकळी झाले असते, आणि तेही बरोबरच ठरलं असतं. त्या दोन दिवसांत तुम्हाला कसं वाटतं, ते मात्र नीट बघा.

त्यासाठी एक वही ठेवा. दर शुक्रवारी दोनच ओळी लिहा: या आठवड्यात कशाने उत्साह आला, आणि काय टाळलं. पहिल्या तीन महिन्यांवरून निष्कर्ष काढू नका. दिवसभर राबूनही काहीच केलं नाही असं त्या काळात बहुतेकांना वाटतं, कारण दुसऱ्याच्या हातून झालेलं काम आपलं वाटायला वेळ लागतो. चौथ्या महिन्यापासूनच्या नोंदी मात्र महत्त्वाच्या. ‘उत्साह’ या ओळीत अजूनही फक्त स्वतः सोडवलेली गणितंच येत असतील, तर मन जुन्याच कामात आहे.

शिकवायला आवडतं म्हणून मॅनेजरकी आवडेल, असं समजू नका. शिकवणं तुम्हाला ज्येष्ठ इंजिनिअर राहूनही करता येतं. मॅनेजरला ‘तुझं काम कमी पडतंय’ हे समोर बसून, उदाहरणं देऊन सांगावं लागतं. मी टीममधल्या एकाशी असं बोलणं पाच आठवडे पुढे ढकललं होतं, वहीत तसं पाच वेळा लिहिलंय. शेवटी बोलले. त्या रात्री झोप लागली नाही, पण दुसऱ्या दिवशी त्याला मदत कशी करायची याचाच विचार डोक्यात होता. तुमच्याही डोक्यात तो माणूस राहत असेल तर काम झेपेल. बोलणं उरकल्याचीच सुटका वाटत असेल आणि पुढच्या दोन-तीन वेळीही तसंच झालं, तर सहाव्या महिन्यात तो मेल काढा आणि परत जाण्याचं बोला.