सर्व्हिस बुक हरवलेली जुनी गाडी घेताना या चुका टाळा

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये मी एका मित्रासोबत गाडी बघायला गेलो होतो. २०१७ च्या सुरुवातीची नोंदणी, मीटरवर ६२,४०० किलोमीटर, रंग आणि सीट चांगल्या स्थितीत. विकणारा तिसरा मालक होता आणि गाडी त्याच्याकडे जेमतेम आठ महिने होती. सर्व्हिस बुक त्याला मिळालंच नव्हतं. आधीच्या मालकाने ‘घर बदलताना हरवलं’ असं सांगितलं होतं. पुढच्या सगळ्या चुका याच गाडीच्या आधाराने सांगतो, कारण त्यातल्या दोन आम्ही स्वतः करणार होतो.

चूक पहिली: गाडीच्या नंबरवरून इतिहास शोधणं

विकणाऱ्याने मोकळेपणाने अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून काढलेला इतिहास दाखवला. ऑगस्ट २०१७ मध्ये ५,१०० किलोमीटर, मग दर काही महिन्यांनी एक नोंद, आणि शेवटची मार्च २०२० मध्ये ५१,३०० वर. त्यानंतर काहीच नाही. वॉरंटी संपली की लोक ओळखीच्या मेकॅनिककडे जातात, त्यामुळे अशी पोकळी दिसली की आपण मान डोलावतो. मित्रानेही डोलावली.

पण तो इतिहास नंबर प्लेटवरच्या नंबराने शोधलेला होता. मालक दुसऱ्या भागात राहायला गेला की अनेक ठिकाणी गाडीला नवा नंबर मिळतो, आणि मग एकाच गाडीच्या नोंदी दोन नंबरांखाली विभागल्या जातात. चासी नंबर मात्र गाडीबरोबर जन्मतो आणि बदलत नाही. तो १७ अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. म्हणजे कागदावर ‘ओ’सारखं काही दिसलं तर ते शून्यच आहे. काउंटरवरच्या माणसाने तिथे ओ टाइप केला की ‘रेकॉर्ड सापडत नाही’ असं उत्तर येतं आणि आपण परत फिरतो. म्हणून चासी नंबर कागदावरून न उतरवता गाडीवरूनच वाचा. बहुतेक गाड्यांत तो पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात किंवा दाराच्या चौकटीवर दिसतो. नोंदणीपत्रावरच्या नंबराशी तो एकेक अक्षर जुळवा.

सर्व्हिस सेंटर परक्या माणसाला सहसा इतिहास देत नाही, आणि ते योग्यच आहे. मागणी मालकानेच करायची. आधीच्या मालकांची नावं, फोन झाकून द्या म्हणावं. आपल्याला फक्त तारीख, रीडिंग, जॉब कार्ड नंबर आणि बदललेले पार्ट हवेत. विकणारा त्यालाही तयार नसेल, तर मी ती गाडी सोडून देतो.

या विकणाऱ्याने चासी नंबरावरून पुन्हा मागणी केली. दुसऱ्या भागातल्या सर्व्हिस सेंटरच्या आणखी दोन नोंदी निघाल्या. जून २०२२ मध्ये बंपर आणि दाराचं विम्यातून झालेलं काम, रीडिंग ७८,६००. नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑइल आणि ब्रेक पॅड, रीडिंग ८३,९००. आमच्यासमोर उभ्या असलेल्या गाडीचा मीटर ६२,४०० दाखवत होता.

चूक दुसरी: विसंगती दिसताच एक तर घाबरणं, नाहीतर ‘टायपिंगची चूक असेल’ म्हणणं

दोन्ही घाईचं. रीडिंगच्या नोंदी माणसं हाताने भरतात, त्यामुळे चुका होतात. ओळखायचं कसं? सगळ्या नोंदी तारखेच्या क्रमाने लिहा आणि विचित्र आकड्याच्या आधीचं-नंतरचं बघा. एकच आकडा रांगेबाहेर असेल आणि त्यानंतरचे पुन्हा रांगेत येत असतील, तर ती बहुधा लिहिण्यातली चूक. एका ठिकाणी आकडा खाली उतरला आणि पुढे तिथूनच वाढत गेला, तर मीटर मागे फिरवला गेला असावा किंवा मीटरचा कन्सोल बदलला गेला असावा. कन्सोल प्रामाणिकपणे बदलला असेल तर त्या कामाचं बिल असतं आणि चांगलं सर्व्हिस सेंटर त्यावर जुनं रीडिंग लिहून ठेवतं. परदेशातून आलेल्या गाडीत मैल आणि किलोमीटरची गल्लतही होते. दोन आकड्यांचं गुणोत्तर १.६ च्या आसपास आलं तर आधी तेच तपासा.

आमच्याकडे फक्त ७८,६०० चा आकडा असता, तर तो मूळचा ५८,६०० असेल असं म्हणायला जागा होती. पण पाच महिन्यांनी ८३,९०० होते. मग वेग काढून पाहिला. मार्च २०२० ते जून २०२२ या सत्तावीस महिन्यांत २७,३०० किलोमीटर, म्हणजे महिन्याला साधारण हजार. जून ते नोव्हेंबर २०२२ मध्ये ५,३००, म्हणजे तोच वेग. दोन स्वतंत्र नोंदी एकमेकींना धरून बोलत होत्या, म्हणून त्या खऱ्या मानल्या.

चूक तिसरी: मालकांची साखळी वेगळी आणि सर्व्हिसचा इतिहास वेगळा तपासणं

नोंदणीपत्रावर ‘तिसरा मालक’ एवढं वाचून थांबू नका. प्रत्येक हस्तांतराची तारीख काढा आणि ती रीडिंगच्या त्याच यादीत घाला. या गाडीत पहिला मालक नोव्हेंबर २०२० पर्यंत, दुसरा जानेवारी २०२४ पर्यंत, मग हा विकणारा. त्याच्याकडे विकत घेतानाच्या कागदावर ५८,००० लिहिलेलं होतं. म्हणजे मीटर नोव्हेंबर २०२२ आणि जानेवारी २०२४ यांच्या मधे मागे गेला. त्या माणसाने तो फिरवलेला नव्हता. त्यालाच फसवलं गेलं होतं, आणि यादी बघून त्याचा चेहरा उतरला तो मला अजून आठवतो. यादी एकत्र नसती तर आम्ही चुकीच्या माणसावर आळ घेतला असता.

साखळीत आणखी एक पाहायचं: विकणाऱ्याचं नाव नोंदणीत खरोखर आहे का. सही केलेले कोरे फॉर्म घेऊन गाडी परस्पर पुढे विकली जाते, तेव्हा मधला एक मालक कागदावर उमटतच नाही. कर्जाचा बोजा उतरलेला आहे का, हेही विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर न सोडता नोंदणीतूनच बघा.

चूक चौथी: नवं भरून आणलेलं बुक किंवा ‘मेजर सर्व्हिस’ हा शब्द पुरावा मानणं

डुप्लिकेट बुकात सहा वर्षांचे शिक्के एकाच शाईत, एकाच हाताने मारलेले असतील तर ते बाजूला ठेवा. शिक्क्याला अर्थ येतो तो त्यामागच्या बिलामुळे, आणि बिलातही पार्टच्या ओळींमुळे. टायमिंग बेल्ट बदलला असेल तर बेल्टची वेगळी ओळ दिसलीच पाहिजे. त्याची मुदत इंजिनानुसार ठरते, ती किलोमीटर आणि वर्षं दोन्हीत दिलेली असते आणि जे आधी भरेल ते लागू होतं. ओळ नसेल तर बेल्ट बदललेला नाही असंच धरून चाला. अनेक इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात.

नोव्हेंबर २०२२ नंतरचे चौदा महिने जुन्याच वेगाने धरले आणि विकणाऱ्याचे स्वतःचे ४,४०० किलोमीटर मिळवले, तर गाडी १,०३,००० च्या आसपास निघत होती. बेल्ट आणि गिअरबॉक्स ऑइलची ओळ एकाही बिलात नव्हती. मित्राने लाखावर चाललेल्या गाडीचा भाव सांगितला, त्यातून बेल्ट, वॉटर पंप आणि ऑइलचा खर्च वजा केला. विकणाऱ्याने नकार दिला आणि तीच यादी घेऊन तो आधीच्या मालकाकडे गेला.