पावसाळ्यात बंद लॅपटॉप ठेवायचा कसा?

पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये बंद फ्लॅटच्या कपाटात चामड्याच्या चपलांनाही बुरशी येते. तिथेच बॅगेत ठेवलेल्या लॅपटॉपच्या पोर्टवर गंज चढायला वेळ लागत नाही. महिना-दोन महिने तो वापरणार नसाल तर असं करा:

१. बॅटरी साधारण 50 टक्के ठेवून लॅपटॉप पूर्ण बंद करा. नुसता स्लीपवर नको. मऊ ब्रशने जाळीवरची धूळ झाडा, कारण धूळ ओल धरून ठेवते.

२. उघडीप असेल त्या दुपारी, रबरी कडेच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. सोबत सुती पुरचुंडीत 200 ग्रॅम नारिंगी सिलिका जेल. (तांदूळ नकोत, त्यांचा भुसा पोर्टमध्ये जातो.)

३. ओल शोषून जेल हिरवं झालं की ओव्हनमध्ये 110-120 अंशांवर दोन तास तापवा. नारिंगी रंग परतला की गार करून पुन्हा वापरा. आठवड्यातच हिरवं होत असेल, तर झाकणातून हवा आत येते आहे.

नुसत्या प्लास्टिक पिशवीत गुंडाळू नका; आतली ओल आतच कोंडते. डबा बाहेरच्या भिंतीला टेकवूनही नको. आणि बाहेर काढल्यावर लॅपटॉप ओलसर वाटला, तर दिवसभर पंख्याखाली ठेवल्याशिवाय चार्जर लावू नका.