खाली आणताना तीन मोजा

जळगावच्या जिममध्ये सकाळी सहाला गुरुजींनी डंबेल वर नेलं आणि धपकन खाली सोडलं.

"अर्धा व्यायाम वाया, गुरुजी," ट्रेनर म्हणाला. "वर नेताना दंडाचा स्नायू आखूड होतो, ते कॉन्सेन्ट्रिक. मध्येच धरून ठेवलं की आयसोमेट्रिक. तेव्हा श्वास कोंडू नका, बीपी चढतं. खाली आणताना स्नायू ताण धरूनच लांबतो, ते एक्सेन्ट्रिक."

"भरली बादली दोर धरून हळूहळू विहिरीत सोडावी तसं?" (गुरुजी चाळीस वर्षं उदाहरणंच देत आले.)

"तस्संच! पण सवय नसताना हेच जास्त केलं, तर परवापर्यंत दंड ठणकतो. म्हणून आधी दोनच किलो, आणि उतरताना तीन मोजा."

एक, दोन... अडीचलाच हात सुटला.

"तीन गाठता येईना? सेट संपला."