तपकिरी बाटलीतलं तेल फोटोत दिसेना, तेव्हा

माका-जास्वंदीचं तेल 30 मिलीच्या तपकिरी ड्रॉपर बाटलीत भरून फोटो काढला. बाटली काळी ठिक्कर! तेल कुठवर आहे कळेना, चकचकीत लेबलवर खिडकी उमटून अक्षरंही गेली. समोरचा उजेड वाढवला, तर चकाकीच वाढली.

ही काच खुलते ती मागच्या उजेडाने. बाटलीच्या आकाराचा, किंचित लहान पांढरा पुठ्ठा कापून मागे तिरका टेकवला आणि खिडकीचा उजेड त्यावर घेतला. काच मधासारखी उजळली, खांद्याखाली तेलाची रेघ उमटली. ड्रॉपर आत गेला की पातळी जराशी चढते, म्हणून झाकण लावूनच ती बघावी. कॅमेराही त्या रेघेच्याच उंचीवर हवा. लेबल मॅट कागदावर पुन्हा छापलं, बाजूने पांढरा कागद धरला. बारीक अक्षरंसुद्धा वाचता आली.